ग्राफवरची सगळ्यात उभी आणि सगळ्यात आडवी रेषा: टोकाच्या बारमधूनच काढायची का?

खडूची_पेटी

नमस्कार मंडळी. दिग्रसच्या पुढे एका गावात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. नुकताच साध्या लंबकाचा प्रयोग घेतला. प्रयोगशाळेत कूलरचा झोत थेट गोळ्यावर येतो आणि कूलर बंद केला तर पोरं आत थांबत नाहीत, म्हणून व्हरांड्यात खिडकीच्या वरच्या गजाला दोरा बांधून रीडिंग घेतली. एका गटाची रीडिंग ही, वेळेला ±०.२ सेकंद धरून; बार म्हणजे त्यामुळे T² किती वरखाली होऊ शकतो ते:

| लांबी (सें.मी.) | १० दोलनांचा वेळ (से.) | T | T² | T² चा बार |
|---|---|---|---|---|
| ४० | १३.१ | १.३१ | १.७२ | ±०.०५ |
| ६० | १५.७ | १.५७ | २.४६ | ±०.०६ |
| ८० | १८.३ | १.८३ | ३.३५ | ±०.०७ |
| १०० | २०.२ | २.०२ | ४.०८ | ±०.०८ |
| १२० | २२.२ | २.२२ | ४.९३ | ±०.०९ |

T² उभ्या अक्षावर, L मीटरमध्ये आडव्या अक्षावर. स्लोप म्हणजे 4π²/g. मधली रेषा या गटातल्या दोन्ही मुलींची सारखीच आली, स्लोप ४.०२ आणि g ९.८२. इथपर्यंत भांडण नाही.

भांडण पुढे आहे. स्लोपची अनिश्चितता काढायला मी त्यांना सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी स्लोपची रेषा काढायला सांगितली. पहिलीने ४० सें.मी.च्या बारचं खालचं टोक आणि १२० च्या बारचं वरचं टोक सरळ जोडलं. स्लोप ४.१९. मग उलट केलं, ४० चं वरचं टोक आणि १२० चं खालचं, तर ३.८४. फरकाचं अर्धं ०.१८. दुसरीने पारदर्शक पट्टी फिरवत फिरवत रेषा काढल्या, तिचे स्लोप ४.१५ आणि ३.८७ आले. अर्धा फरक ०.१४.

पहिली म्हणते, टोकं मी बिंदूवर पकडली, हिने डोळ्याने अंदाज केला, म्हणून माझं जास्त अचूक. दुसरीला नीट सांगता येत नाही पण ती हटत नाही. दोघींना काय सांगू? मार्कांचा प्रश्न नाही, दोघींना पूर्ण दिलेत.

---

गणिती_वऱ्हाडी

दोघीही मुद्दा सोडून बोलताहेत. L शून्य असेल तर T शून्य. म्हणजे रेषा ओरिजिनमधून जायलाच पाहिजे. एक टोक ओरिजिनला पक्कं करा, मग फक्त दुसरं टोक वरखाली होईल. टोकाचे बार वगैरे सगळी कटकट संपते आणि अनिश्चितताही कमी येते. आम्ही कॉलेजात असंच करायचो.

---

बोअरवाला_पाटील

भाऊ, मी फिजिक्सवाला नाई, पण हा धागा पाहून राह्यलो कारण माह्या कामाचा वाटते. म्या बोअरचं पाणी मोजलं. हौद २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, म्हणजे १ सें.मी. पाणी चढलं की ३० लिटर. दर १० मिनिटाले पट्टी टाकून पाह्यलं. लाटेनं १ सें.मी. इकडंतिकडं होते. चढलेलं पाणी असं: सुरुवातीले ०, मग १७, ३२, ४५, ५६. आता ह्याची रेषा काढून बोअर मिनिटाले किती लिटर देते ते सांगता येईन का? मोटर बदलाची का नाई हे ठरवाचं हाय.

---

निवृत्त_प्रयोगवही

खडूची_पेटी, तुमची दुसरी मुलगी बरोबर आहे. पहिलीने जी रेषा काढली ती तिच्याच एका रीडिंगशी जुळत नाही, एवढं दाखवलं की भांडण मिटेल.

तिची उभी रेषा घ्या. ४० सें.मी.ला १.६७ पासून निघते, स्लोप ४.१९. मग १०० सें.मी.ला, म्हणजे ०.६ मीटर पुढे, ती १.६७ + २.५१ = ४.१८ वर असेल. पण १०० च्या बारचं वरचं टोक ४.१६ ला संपतं. रेषा त्या बारच्या वरून निघून गेली. आता बार म्हणजे आपणच केलेलं विधान आहे की खरी किंमत या पट्ट्यात आहे. मग जी रेषा त्या पट्ट्याला शिवतच नाही, तिला 'शक्य असलेली रेषा' कसं म्हणायचं? आडव्या रेषेचंही तेच. ४० च्या १.७७ पासून ३.८४ च्या स्लोपने निघालात तर ६० ला २.५४ येतं आणि तिथला बार २.५२ ला संपतो.

म्हणून नियम टोकाच्या बारचा नाहीच. सगळ्या बारमधून जाणाऱ्या जितक्या रेषा काढता येतील त्यांतली सगळ्यात उभी आणि सगळ्यात आडवी, एवढाच तो नियम. कधी कधी त्या नेमक्या टोकाच्या बारवरच अडतात, म्हणून 'टोकं जोडा' असा शॉर्टकट रूढ झाला. तुमच्या आकड्यांत उभी रेषा ४० चं खालचं टोक आणि १०० चं वरचं टोक यांच्यात अडते: ४.१६ वजा १.६७ म्हणजे २.४९, भागिले ०.६, स्लोप ४.१५. आडवी रेषा ६० चं वरचं टोक आणि १२० चं खालचं टोक यांच्यात अडते: ४.८४ वजा २.५२ म्हणजे २.३२, भागिले ०.६, स्लोप ३.८७. मुलीने पट्टी फिरवून नेमकं हेच शोधलं. हा अंदाज नव्हता.

करायचं कसं, तर पट्टीपेक्षा काळा शिवणाचा दोरा बरा. दोन बोटांत ताणून ग्राफवर धरा आणि एक टोक वर सरकवत जा. एक वेळ अशी येते की दोरा डावीकडच्या एखाद्या बारच्या खालच्या टोकाला आणि उजवीकडच्या एखाद्या बारच्या वरच्या टोकाला एकदम टेकतो. त्याच्यापुढे वळवला की कुठला तरी बार सुटतो. तीच सगळ्यात उभी रेषा. कुठल्या दोन बारवर अडला ते ग्राफवर लिहून ठेवायला सांगा, म्हणजे तपासणाऱ्यालाही दिसतं. आणि स्लोप काढताना त्या रेषेवरचे दूरदूरचे दोन बिंदू घ्यायचे, मधल्या रेषेच्या बाबतीत रीडिंगचे बिंदू घ्यायचे नाहीत.

आता माझे दोन प्रश्न. ±०.२ सेकंद कुठून आणले? आणि लांबी कुठपासून कुठपर्यंत मोजली?

---

खडूची_पेटी

मॅडम, खूप आभार. १०० सें.मी.चा हिशेब आजच फळ्यावर करून दाखवते.

±०.२ असं आलं: प्रत्येक लांबीला तीनदा वेळ घेतली. ४० ला १२.९, १३.०, १३.३ अशी होती. सगळ्यात जास्त आणि कमी यांच्या फरकाचं अर्धं ०.२. बाकी लांब्यांनाही तेवढंच येत होतं म्हणून सगळीकडे तेच धरलं. दहाने भागून T ला ±०.०२, आणि T² ला 2TΔT. म्हणून वरचे बार मोठे होत जातात.

लांबी गजापासून गोळ्याच्या हुकाच्या गाठीपर्यंत, टेपने. टेपचा ±१ मि.मी. धरला पण तो आडवा बार काढला नाही.

---

निवृत्त_प्रयोगवही

१ मि.मी.चा आडवा बार सोडला ते ठीक केलंत. स्लोप ४ च्या आसपास आहे, म्हणजे लांबीतला १ मि.मी. हा T² मध्ये ०.००४ एवढाच पडतो. उभे बार ०.०५ च्या वर आहेत. पेन्सिलीच्या रेघेत बुडून जाईल.

गाठीपर्यंत मोजलं, हेच ऐकायचं होतं. गणिती_वऱ्हाडी यांचं उत्तर त्यातच आहे.

तुमच्या मधल्या रेषेचा इंटरसेप्ट काढा: साधारण ०.०९ येतो. तो स्लोपने भागा, ०.०९ भागिले ४.०२, म्हणजे ०.०२२ मीटर, सव्वादोन सें.मी. लंबकाची खरी लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत असते, गाठीपर्यंत नाही. तुमचा गोळा किती व्यासाचा आहे?

---

खडूची_पेटी

व्हर्नियरने २.५ सें.मी. आणि हूक जवळजवळ १ सें.मी. म्हणजे १.२५ अधिक १. सव्वादोनच!

---

गणिती_वऱ्हाडी

ठीक आहे, पण मग लांबीत ते सव्वादोन सें.मी. मिळवा आणि ओरिजिनमधून काढा. माझं तत्त्व चुकलं कुठे? सूत्रात इंटरसेप्ट नाही म्हणजे नाही.

---

निवृत्त_प्रयोगवही

तत्त्व बरोबर, पण रीडिंगला ते ठाऊक नव्हतं. तुमच्या पद्धतीने याच आकड्यांवर करून पाहा. ओरिजिनमधून जाणारी रेषा ४० च्या बारमध्ये शिरायची तर स्लोप किमान १.६७ भागिले ०.४, म्हणजे ४.१७५ हवा. १०० च्या बारमध्ये राहायचं तर कमाल ४.१६. दोन्ही एकदम होत नाही. म्हणजे ओरिजिनमधून एकही रेषा पाचही बारमधून जात नाही. तरी कुणी दामटून मधली रेषा ओरिजिनला बांधली, तर स्लोप ४.१२ च्या आसपास येतो आणि g होतो ९.५८. आपल्या भागात g ९.७९ च्या जवळ आहे. वर तुम्ही म्हणता तशी अनिश्चितता कमी दिसते, कारण रेषेला फिरायला जागाच ठेवली नाही. चुकीचं उत्तर आणि लहान अनिश्चितता, ही जोडी वाईट.

लांबीतली ही चूक सगळ्या रीडिंगला सारखीच आहे, त्यामुळे ती रेषेला बाजूला सरकवते, वळवत नाही. स्लोपला धक्का लागत नाही. L विरुद्ध T² चा ग्राफ काढायचा आणि एकेका रीडिंगवरून g काढून सरासरी घ्यायची नाही, ते याचसाठी. ४० सें.मी.च्या एकट्या रीडिंगवरून g काढलात तर ९.२ येतो, १२० वरून ९.६. दोन्ही कमी, आणि लांबी लहान तितका जास्त कमी.

सव्वादोन मिळवून मग ओरिजिनला बांधलं तर चालेल का? चालेल, पण आधी मोकळी रेषा काढून इंटरसेप्ट शून्याजवळ आला का ते पाहिल्यावर.

---

गणिती_वऱ्हाडी

९.२ मी काढून पाहिला. येतो. पण वहीत इंटरसेप्ट दिसला की बाहेरून येणारे परीक्षक 'हे काय' म्हणून विचारतात, तेव्हा पोराने काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.

---

निवृत्त_प्रयोगवही

'गोळ्याची त्रिज्या आणि हूक' असं सांगायचं. आणि त्या इंटरसेप्टलाही याच दोन रेषांवरून मर्यादा मिळते. उभी रेषा अक्षाला ०.०१ वर कापते, आडवी ०.२० वर. म्हणजे इंटरसेप्ट ०.०१ ते ०.२०, लांबीत बोलायचं तर जवळपास शून्य ते पाच सें.मी. सव्वादोन नेमकं जुळलं त्यात थोडं नशीब आहे, हे मुलींना सांगा. उभ्या रेषेचा इंटरसेप्ट लहान आणि आडवीचा मोठा, हेही दाखवा. रेषा मधल्या बिंदूंभोवती फिरते, म्हणून एक वाढलं की दुसरं घटतं.

---

एक्सेल_आहे_ना

मूळचा कारंजा लाडचा, आता पुण्यात. २०२६ मध्ये दोरा ताणून रेषा? आकडे शीटमध्ये टाका:

```
=LINEST(D2:D6, A2:A6, TRUE, TRUE)
```

A मध्ये लांबी मीटरमध्ये, D मध्ये T². पहिल्या ओळीत स्लोप आणि इंटरसेप्ट, दुसऱ्या ओळीत त्या दोघांची स्टँडर्ड एरर. मी आत्ता टाकून पाहिलं: स्लोप ४.०२, एरर ०.०७. तुमच्या ०.१४ च्या निम्मी. म्हणजे दोन रेषांची पद्धत उगाच दुप्पट अनिश्चितता दाखवते. मोबाइलवरही चालतं, ग्राफपेपरचा खर्चही वाचेल.

---

निवृत्त_प्रयोगवही

०.०७ बरोबर आहे, मीही हाताने काढलं. पण LINEST ने ते कशावरून काढलं ते पाहा. तुम्ही त्याला बार दिलेच नाहीत. बिंदू रेषेपासून किती विखुरले एवढंच त्याने पाहिलं. पाच बिंदू आहेत, स्लोप आणि इंटरसेप्ट काढण्यात दोन खर्ची पडले, उरले तीन. तीन आकड्यांवरून विखुरण्याचा अंदाज करायचा तर तो अंदाजच डळमळीत असतो. उद्या हाच प्रयोग पुन्हा केला तर ०.०३ येईल किंवा ०.१० येईल.

दोन रेषांची पद्धत उलटं करते. ती बिंदूंचं विखुरणं फारसं पाहत नाही, बार पाहते. आणि वाईटात वाईट जुळणी धरते: डावीकडचं रीडिंग नेमकं पूर्ण खाली चुकलं आणि उजवीकडचं पूर्ण वर. असं एकदम होणं अवघड, म्हणून ती मर्यादा सैल असते. दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ०.०७ म्हणजे 'बहुधा इतक्यात', ०.१४ म्हणजे 'बार खरे असतील तर याच्या बाहेर नाही'. वहीत कुठली पद्धत ते लिहिलं नाही तर दोन्ही आकडे निरर्थक.

---

एक्सेल_आहे_ना

मान्य, पण मग बिंदू वाढवले तर? समजा पाचऐवजी वीस लांब्या घेतल्या. LINEST ची एरर कमी होईल. तुमच्या दोन रेषांचं काय होईल?

---

निवृत्त_प्रयोगवही

चांगला प्रश्न, आणि इथे दोन रेषांची पद्धत लंगडी पडते हे मान्य. बिंदू वाढले की बार वाढले, रेषेला अडवणारे जास्त झाले, म्हणून दोन रेषा जवळ येतात खऱ्या. पण त्या किती जवळ याव्यात याला सांख्यिकीचा आधार नाही. आणि ±०.२ हा तीन वेळांच्या फरकाचं अर्धं असेल, तर चौथी वेळ त्याच्या बाहेर पडू शकतेच. वीस बिंदूंत एखादा बार खऱ्या रेषेला चुकवणारच. मग सगळ्या बारमधून जाणारी एकही रेषा सापडत नाही आणि पद्धत अडकते. पाच-सात बिंदू आणि हाताने काढलेला ग्राफ यांच्यासाठी ती ठीक. त्यापुढे बारला वजन देऊन रेषा बसवावी.

शाळेच्या पातळीवर मी दोन रेषांच्याच बाजूची आहे. मुलाला ग्राफकडे पाहावं लागतं.

---

एक्सेल_आहे_ना

या शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. ग्राफ शीटमध्येही दिसतो. पण असो.

---

बोअरवाला_पाटील

माह्या हौदाचं राह्यलं न बाप्पा. सांगा न कोणी.

---

खडूची_पेटी

पाटीलभाऊ, मी मुलींकडूनच करून घेतलं, त्यांना आवडलं. वेळ आडवी, पाणी उभं, प्रत्येक बिंदूला ±१ सें.मी. बार. पण एकही रेषा सगळ्या बारमधून जाईना! २० मिनिटाला बारचं खालचं टोक ३१ आहे. सुरुवातीचं वरचं टोक १ आणि ४० मिनिटाचं वरचं ५७ जोडलं तरी मध्ये २९ येतं. बार थोडे वाढवून रेषा घालू का, मॅडम?

---

निवृत्त_प्रयोगवही

अजिबात नको. रेषा बसत नाही म्हणून बार वाढवायचे नसतात. रेषा बसत नाही तेव्हा तीन शक्यता: बार खरोखर लहान धरले, एखादं रीडिंग फसलं, किंवा मुळात ती सरळ रेषा नाही. कुठली ते बिंदू कसे सुटतात त्यावरून कळतं. एकच बिंदू दूर असेल तर रीडिंग फसलं. वर-खाली-वर असे सगळेच थोडे थोडे सुटत असतील तर बार लहान. इथे दर दहा मिनिटांची वाढ पाहा: १७, १५, १३, ११. ओळीने कमी होते आहे. हे वाकणं आहे. रेषा घातली तर मधले सगळे वर आणि टोकाचे खाली राहतील.

पाटील, म्हणून तुमच्या बोअरला एक आकडा देता येणार नाही. पहिल्या दहा मिनिटांत मिनिटाला ५१ लिटर, शेवटच्या दहात ३३. प्रत्येक दहा मिनिटांच्या आकड्याला दोन्ही टोकांची ±१ सें.मी. धरली तर मिनिटाला ±६ लिटर. तरी ५१ आणि ३३ मधलं अंतर त्यात भरून निघत नाही. पाणी खरंच कमी होत गेलं.

---

बोअरवाला_पाटील

म्हणजे मोटर खराब?

---

निवृत्त_प्रयोगवही

तसं या रीडिंगवरून म्हणता येत नाही. उपसा चालू असला की बोअरमधलं पाणी खाली जातं, मोटरला जास्त उंचीवरून उचलावं लागतं आणि पाणी कमी येतं. व्होल्टेज पडत गेलं तरी तेच दिसेल. ग्राफला दोन्हींतला फरक कळणार नाही. व्होल्टमीटर लावून दर दहा मिनिटाला तेही लिहा. आणि तासभर आणखी मोजा, वाढ एका आकड्यावर स्थिर होते का ते पाहा. स्थिर झाली तर त्या भागाची सरळ रेषा काढता येईल, तिथे उभी-आडवी रेषा कामाची.

---

बोअरवाला_पाटील

आमच्याकडं लाईन रात्रीची हाय ह्या आठवड्यात. शेजारच्या साऱ्या मोटरी संगच चालू होते. व्होल्टेज पडतेच म्हना. दिवसाची पाळी आली का दोन्ही वेळचं मोजतो.

---

पुसदची_पोरगी

बीएस्सी दुसरं वर्ष. मला एक कळलं नाही. g ची अनिश्चितता कशी सांगायची? स्लोप ४.०२ ± ०.१४, म्हणजे साडेतीन टक्के, म्हणून g पण साडेतीन टक्के, ९.८२ ± ०.३४. बरोबर ना? पण ४.१५ आणि ३.८७ वरून थेट g काढला तर ९.५१ आणि १०.२० येतो. खाली ०.३१, वर ०.३८. सारखं का नाही?

---

निवृत्त_प्रयोगवही

g हा स्लोपच्या उलट जातो, म्हणून. उभी रेषा लहान g देते, आडवी मोठा. एकाला भागायचं असलं की खालीवरचा फरक सारखा राहत नाही. ०.३१ आणि ०.३८ यांत भांडण्यासारखं काही नाही, ९.८ ± ०.३ लिहा. अनिश्चिततेचा पहिला आकडाच दशांशाच्या पहिल्या घरात असताना g ९.८२ असा दोन घरांपर्यंत लिहिण्यात अर्थ नाही.

---

खडूची_पेटी

अजून एक राहिलं. तिसऱ्या गटाचा ग्राफ सगळ्यात देखणा आहे. पाचही बिंदू रेषेवर, दोन्ही रेषा छान निघतात, स्लोप ३.२७ ± ०.१३. पण g येतो १२.१ ± ०.५. इंटरसेप्टही गोळ्याच्या मापाशी जुळतो. ९.८ तर त्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर. मी बार तपासले, गुणाकार तपासले, टेपही तपासला. सगळं बरोबर.

---

गणिती_वऱ्हाडी

गोळा जास्त अंशात सोडला असेल. कोन मोठा असला की सूत्र लागू पडत नाही.

---

निवृत्त_प्रयोगवही

कोन मोठा केला तर T वाढतो, मग g कमी येईल. इथे जास्त आला आहे. शिवाय ३० अंशांनी सोडला तरी T मध्ये पावणेदोन टक्क्यांच्या आसपासच फरक पडतो, आणि इथली गडबड खूप मोठी आहे.

९.७९ ला १२.१ ने भागा. ०.८१ येतं. ०.८१ म्हणजे ०.९ चा वर्ग. T सगळीकडे एक दशांशाने कमी मोजला गेला आहे. त्या गटात मोजणारा गोळा सोडतानाच 'एक' म्हणत होता का? तसं केलं तर 'दहा' म्हणेपर्यंत नऊच दोलनं होतात. सोडताना 'शून्य' म्हणायचं.

हे ग्राफवर कुठेच दिसत नाही. प्रत्येक T त्याच पटीत कमी झाला, रेषा सरळच राहिली, स्लोप आणि इंटरसेप्ट एकाच पटीत घटले, म्हणून गोळ्याचं मापही जुळलं. उभी-आडवी रेषा बिंदूंच्या हलण्याची मर्यादा सांगते. सगळे बिंदू एकाच दिशेला, एकाच प्रमाणात चुकले तर तिला पत्ता लागत नाही. बाहेरून ठाऊक असलेला ९.७९ जवळ होता म्हणून पकडलं.

---

खडूची_पेटी

विचारलं. तो मुलगा 'एक' म्हणूनच सोडतो. कबड्डीतही तसंच मोजतो म्हणे.

उद्या तिन्ही गटांकडून २० दोलनं घेणार आहे, 'शून्य' पासून. स्टॉपवॉच दाबण्याचा ±०.२ तोच राहील, म्हणजे T चा बार निम्मा होईल ना?

---

निवृत्त_प्रयोगवही

±०.२ तोच राहिला तर हो, ±०.०१. पण तो तसाच राहतो हे गृहीत धरू नका, पुन्हा तीनदा घेऊन पाहा. वाऱ्याने किंवा गोळा गोल फिरायला लागल्यामुळे फरक पडत असेल तर २० दोलनांत तो वाढेलही. वेळ गोळा टोकाला असताना सुरू करता की मध्ये?

---

खडूची_पेटी

टोकाला. तिथे थांबतो म्हणून सोपं वाटतं.

---

निवृत्त_प्रयोगवही

थांबतो म्हणूनच अवघड. नेमका कधी थांबला ते डोळ्याला कळत नाही. मध्ये तो सगळ्यात वेगात असतो, तिथे गजाखाली भिंतीवर खडूची उभी रेघ मारा आणि दोरा रेघेवरून एकाच दिशेने जाताना दाबायला सांगा. ±०.२ त्यानेच बराच खाली येईल.

---

एक्सेल_आहे_ना

नवीन रीडिंग इथे टाका. बार निम्मे झाले आणि बिंदू आताइतकेच विखुरलेले राहिले तर ६०, ८० आणि १०० च्या तिन्ही बारमधून एक रेषा जाणार नाही, हे मी आत्ताच करून पाहिलंय. तेव्हा मॅडम काय म्हणतात ते बघायचंय.

---

निवृत्त_प्रयोगवही

विखुरणं स्टॉपवॉचमुळे असेल तर तेही निम्मं व्हायला हवं. झालं नाही तर कारण दुसरं आहे, आणि मग गजाला बांधलेली दोऱ्याची गाठ झोक्याबरोबर सरकते का ते आधी पाहीन. रीडिंग येऊ द्या.